पॅटर्न सापडला? थांबा, शेवटपर्यंत लावून बघा!

पेन हातात असेल तर ही संख्यामालिका वहीच्या कोपऱ्यात लिहा.

३, ७, १६, ३५, ७४, ?

बँकेची परीक्षा असो, सीसॅट असो की कॅम्पसला येणाऱ्या कंपनीची अॅप्टिट्यूड टेस्ट, असला एखादा प्रश्न असतोच. आणि तो दिसला की आपल्यातले बहुतेक जण एकच गोष्ट करतात, फरक काढतात. ३ आणि ७ मध्ये ४ चा फरक. ७ आणि १६ मध्ये ९ चा. ४ आणि ९? अरे, हे तर २ चा वर्ग आणि ३ चा वर्ग! म्हणजे पुढचे फरक १६, २५ आणि ३६. शेवटचं पद ७४, त्यात ३६ मिळवले की ११०. ऑप्शनमध्ये ११० आहे. टिक. पुढचा प्रश्न.

आणि उत्तर चुकलं.

यात गणित कच्चं असण्याचा प्रश्नच नाही. बेरीज बरोबर आहे, वर्ग बरोबर आहेत. नियमाचा अंदाजसुद्धा वाईट नव्हता. फक्त तो अंदाज पहिल्या तीन पदांवर बांधला आणि उरलेल्या दोन पदांना विचारलंच नाही. विचारलं असतं तर चौथ्या पदानेच नकार दिला असता. १६ मध्ये १६ मिळवले तर ३२ येतात, मालिकेत ३५ आहेत. खेळ तिथेच खल्लास.

आता दुसरा अंदाज लावू. दुप्पट करून काहीतरी मिळवलंय का? ३ ची दुप्पट ६, अधिक १ म्हणजे ७. ७ ची दुप्पट १४, अधिक २ म्हणजे १६. हा झाला अंदाज : ‘दुप्पट करा आणि १, २, ३ असे वाढत्या क्रमाने मिळवा’. आता तो पुढच्या पदांना लावू. १६ ची दुप्पट ३२, अधिक ३ म्हणजे ३५. जमलं. ३५ ची दुप्पट ७०, अधिक ४ म्हणजे ७४. हेही जमलं. म्हणजे पुढचं पद १४८ अधिक ५, बरोबर १५३.

याच मालिकेकडे आणखी एका बाजूने बघता येतं. फरक आहेत ४, ९, १९, ३९. प्रत्येक फरक आधीच्या फरकाच्या दुपटीहून १ ने जास्त आहे. पुढचा फरक ७९. ७४ अधिक ७९, पुन्हा १५३. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं, कारण आतून हा एकच नियम आहे.

यातला ११० हा ऑप्शन कुठून येतो, ते आता कळलं असेल. पेपर काढणाऱ्याला ठाऊक असतं की तुम्ही ४ आणि ९ बघितले की वर्गांकडे धावणार. मग तुमचं चुकीचं उत्तर तो आधीच ऑप्शनमध्ये ठेवून देतो. त्यामुळे ‘माझं उत्तर ऑप्शनमध्ये आहे’ हा नियम बरोबर असल्याचा पुरावा होत नाही.

तीन पदं जुळली, मग काय झालं?

‘पण तीन पदं तर जुळली होती ना?’ हा प्रश्न ग्रुपमध्ये कुणीतरी हमखास विचारतं. याचं उत्तर नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळी गोम इथेच आहे.

ही तीन पदं बघा : ५, ८, १७.

समजा तुम्ही ठरवलंत की नियम ‘कितीतरी पट करा आणि काहीतरी मिळवा किंवा वजा करा’ अशा छापाचा असणार. किती पट आणि किती मिळवायचे, या दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. फरक आहेत ३ आणि ९, म्हणजे तिप्पट. ५ ची तिप्पट १५, त्यातून ७ वजा केले की ८. ८ ची तिप्पट २४, वजा ७, म्हणजे १७. वा! ‘तिप्पट वजा ७’ एकदम फिट बसलं.

पण ते बसणारच होतं. तुमच्या हातात दोन आकडे होते, आणि तीन पदांमध्ये उड्या दोनच. दोन उड्या जुळवायला दोन आकडे पुरतात. ५, ८, १७ ऐवजी मी ५, ८, २० दिलं असतं तरी या छापाचा एक नियम सापडला असता : चौपट वजा १२. करून बघा. शेजारची पदं सारखी नसतील तर कुठल्याही तीन पदांना असा नियम बसवता येतो, फार तर अपूर्णांक येतील. म्हणजे या तीन पदांनी तुमच्या नियमाची परीक्षा घेतलेलीच नाही. ती नियम तयार करण्यातच खर्च झाली.

खरी परीक्षा चौथ्या पदापासून सुरू होते. आता या दोन मालिका शेजारी ठेवा.

५, ८, १७, ४४, १२५

५, ८, १७, ३२, ५३

पहिली तीन पदं अगदी सारखी. ‘तिप्पट वजा ७’ पहिल्या मालिकेला लावा. १७ ची तिप्पट ५१, वजा ७, म्हणजे ४४. आहे. ४४ ची तिप्पट १३२, वजा ७, म्हणजे १२५. तेही आहे. नियम दोन कसोट्यांमधून पार झाला, पुढचं पद ३६८.

दुसऱ्या मालिकेत हाच नियम चौथ्याच पदाला आपटतो. हवे होते ४४, आहेत ३२. मग फरक काढू : ३, ९, १५, २१. प्रत्येक वेळी ६ ने वाढतायत. पुन्हा तोच हिशेब. ‘पहिला फरक ३ आणि पुढे ६ ने वाढ’ हा अंदाज ३ आणि ९ या दोन फरकांवरून झाला, म्हणजे पहिली तीन पदं इथेही खर्चच पडली. १५ आणि २१ या दोन फरकांनी त्याची परीक्षा घेतली आणि तो टिकला. पुढचा फरक २७, पुढचं पद ८०.

सांगायचा मुद्दा हा की ‘किती पदं जुळली’ यापेक्षा ‘नियम बनवताना जी वापरली नव्हती, त्यातली किती जुळली’ हे मोजायचं. पाच पदांची मालिका असेल आणि तीन पदं नियम बनवण्यात गेली, तर तुमच्याकडे साक्षीदार दोनच. दोघांनाही बोलवायचं. एकालाही घरी पाठवायचं नाही.

दोन मालिका एकमेकींत गुंफलेल्या असतात तेव्हा तर साक्षीदार आणखी कमी होतात. उदाहरणार्थ ७, ३, १४, ९, २८, २७, ?. एकाआड एक पदं घेतली की ७, १४, २८ ही दुपटीची मालिका आणि ३, ९, २७ ही तिपटीची. दिसायला पदं सहा, पण प्रत्येक मालिकेच्या वाट्याला तीनच. दुपटीचा अंदाज ७ आणि १४ वरून केला, तर त्याला तपासायला फक्त २८ उरतो. तिपटीचंही तसंच, तिथे फक्त २७. दोघांनीही होकार दिला म्हणून उत्तर ५६. यातला एक जरी बिघडला असता, तर एकाआड एकचा अंदाज सोडून द्यावा लागला असता.

आणि एक सवय मात्र मोडायला हवी, ठिगळ लावण्याची. नियम चौथ्या पदाला जमला नाही की आपण म्हणतो, ‘अच्छा, इथे १ जास्त मिळवलाय.’ पाचव्याला जमला नाही की, ‘इथे २ कमी केलेत.’ असं प्रत्येक पायरीला वेगळं काहीतरी मिळवायची मुभा घेतली, तर जगातली कुठलीही मालिका जुळते. मगाशी आपण १, २, ३, ४ असे आकडे मिळवले ते चाललं, कारण ते आकडे स्वतःच एका क्रमात होते आणि पहिले दोन बघितल्यावर पुढचे दोन आपण आधीच सांगू शकत होतो. १, २, ५, ३ असे मिळवावे लागले असते, तर तो नियम नव्हे, ते ठिगळच.

मधली रिकामी जागा

प्रश्नचिन्ह दर वेळी शेवटीच असतं असं नाही.

६, १३, २८, ?, १२२

इथे बरेच जण डावीकडून निघतात, प्रश्नचिन्हापाशी पोहोचतात आणि उतरून जातात. ६ ते १३ मध्ये ७, १३ ते २८ मध्ये १५. फरक ८ ने वाढला, म्हणजे पुढचा फरक २३, उत्तर ५१. दिसायला अगदी नीट. पण पलीकडे १२२ उभे आहेत, त्यांचं काय? हाच नियम पुढे न्या : पुढचा फरक ३१, ५१ अधिक ३१ म्हणजे ८२. मालिकेत १२२ आहेत. ५१ बाद.

आता दुप्पट करून १, २, ३, ४ मिळवून बघू. ६ ची दुप्पट १२, अधिक १, १३. १३ ची दुप्पट २६, अधिक २, २८. २८ ची दुप्पट ५६, अधिक ३, ५९. आणि ५९ ची दुप्पट ११८, अधिक ४, बरोबर १२२. उत्तर ५९.

बघा, डावीकडची तीन पदं दोन्ही नियमांना सारखाच होकार देत होती. निकाल लावला तो एकट्या १२२ ने. रिकाम्या जागेच्या पलीकडचं पद हे सगळ्यात कामाचं पद असतं, कारण तिथे पोहोचायचं तर तुमचं उत्तरच वापरावं लागतं. नियम आणि उत्तर, दोघांचीही एकदम तपासणी होते.

चुकीचं पद शोधा!

या प्रकारात तर प्रत्येक पद तपासण्याला पर्यायच नाही. इथे दिलेल्या पदांपैकी एक मुद्दाम चुकीचं असतं आणि तेच ओळखायचं असतं. म्हणजे तुमचा बरोबर नियमसुद्धा एका ठिकाणी जुळणार नाही. मग चूक कुणाची, नियमाची की पदाची?

२, ५, १०, १७, २७, ३७, ५०

फरक काढू : ३, ५, ७, १०, १०, १३.

एक मोहात पाडणारा अंदाज असा : ३, ५, ७ या मूळ संख्या आहेत, पुढची मूळ संख्या ११. म्हणजे १७ नंतर २८ हवेत, आणि दिलेत २७. ‘सापडलं! २७ चुकीचं, तिथे २८ पाहिजे.’ इथेच थांबलात तर पद योगायोगाने बरोबर ओळखाल, पण कारण चुकलेलं असेल. आणि ‘त्या जागी काय हवं’ असं विचारलं असेल तर मार्क गेलेच. म्हणून थांबायचं नाही, पुढे जायचं. २८ नंतर १३ मिळवून ४१, दिलेत ३७. त्यानंतर १७ मिळवून ५८, दिलेत ५०. म्हणजे मूळ संख्यांचा नियम खरा ठरवायचा तर एक नाही, तीन पदं चुकीची म्हणावी लागतील. प्रश्नात चुकीचं पद एकच असतं. तेव्हा चुकीचा नियमच.

दुसरा अंदाज : फरक २ ने वाढतात. ३, ५, ७, ९, ११, १३. १७ अधिक ९ म्हणजे २६, दिलेत २७. नाही जमलं. पण आता पुढचं पाऊल दिलेल्या २७ वरून टाकायचं नाही, आपल्या हिशेबाच्या २६ वरून टाकायचं. २६ अधिक ११, ३७. आहेत. ३७ अधिक १३, ५०. आहेत. एकच पद सोडून सगळी मालिका जुळली. २७ च्या जागी २६ हवेत. (सरळ बघितलं तर ही पदं म्हणजे १, २, ३... यांचे वर्ग अधिक १.)

या प्रकारात एक खूण फार उपयोगी पडते. मधलं एक पद चुकलं की त्याच्या दोन्ही बाजूंचे, असे लागोपाठचे दोन फरक बिघडतात. एक जितक्याने वाढतो, दुसरा तितक्याच ने कमी होतो. इथे ९ आणि ११ च्या जागी १० आणि १० आले, पण बेरीज २० ची २० च राहिली. फरकांच्या ओळीत दोन शेजारी बिघडलेले दिसले आणि त्यांची बेरीज नियमाप्रमाणेच आली, तर त्या दोघांच्या मधलं पद चुकीचं. एका पदाने चुकून नियमाचा गोंधळ उडवलाय की नियमच चुकलाय, हे यावरून लगेच कळतं.

टोकाचं पद चुकीचं असेल तर मात्र एकच फरक बिघडतो, आणि पहिलंच पद चुकीचं असेल तर डोक्याला ताप. ३, ५, १०, १७, २६, ३७ ही मालिका डावीकडून वाचलीत तर अंदाजाची सुरुवातच खोट्या साक्षीदारावर होते. फरक २ आणि ५, काहीच अर्थ लागत नाही. हीच मालिका उजवीकडून वाचा : ११, ९, ७, ५ आणि मग २. आता लख्ख दिसतं की तिथे ३ हवा होता, म्हणजे पहिलं पद ३ नव्हे, २. डावीकडून दोन अंदाज फसले की वही फिरवायची आणि मागून सुरू करायचं.

सगळी पदं जुळली, तरीसुद्धा?

आता खरा प्रश्न. दिलेलं प्रत्येक पद तपासलं, प्रत्येक जुळलं. नियम सिद्ध झाला का?

एक वर्तुळ काढा. परिघावर एक बिंदू घ्या, वर्तुळाचा भाग एकच. दोन बिंदू घेऊन रेषेने जोडा, भाग दोन. तीन बिंदू घेऊन प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडा, भाग चार. चार बिंदूंना आठ. पाच बिंदूंना सोळा. शांतपणे मोजा, खरंच सोळा येतात. १, २, ४, ८, १६. दुप्पट होतंय, शेंबडं पोरही सांगेल. पाच पदं, एक अंदाज, चार उड्या, चारही जुळल्या.

आता सहा बिंदू घ्या. फक्त एक काळजी घ्यायची, आत तीन रेषा एकाच ठिकाणी छेदू द्यायच्या नाहीत. भाग मोजा. ३२ नाहीत. ३१ आहेत.

गणितात हा प्रश्न लिओ मोझर या गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. ३१ का, तेही समजायला अवघड नाही. सुरुवातीला वर्तुळ हा एक भाग. प्रत्येक नव्या रेषेने एक भाग वाढतो, आणि आत जिथे जिथे दोन रेषा छेदतात तिथे आणखी एक. पाच बिंदूंना रेषा १० आणि छेद ५, म्हणजे १ अधिक १० अधिक ५, १६. सहा बिंदूंना रेषा १५ आणि छेद १५, म्हणजे १ अधिक १५ अधिक १५, ३१. हाच नियम मागे लावून बघा. चार बिंदूंना रेषा ६, छेद १, भाग ८. तीन बिंदूंना रेषा ३, छेद नाही, भाग ४. आधीची सगळी पदं यातही जुळतात. सात बिंदूंना रेषा २१, छेद ३५, भाग ५७.

म्हणजे पाच पदांपर्यंत दोन्ही नियम सारखेच खरे होते. ‘दुप्पट’ हा नियम नुसत्या आकड्यांकडे बघून आला होता. दुसरा नियम ती आकृती कशी बनते यातून आला, म्हणून तो सहाव्या पदालाही टिकला.

पदं तपासण्याची ताकद आणि तिची मर्यादा, दोन्ही इथे दिसतात. एक पद जरी जुळलं नाही तरी नियम नक्की चूक, त्यात वादाला जागा नाही. (चुकीचं पद शोधायचा प्रश्न तेवढा वेगळा.) सगळी पदं जुळली तर मात्र एवढंच म्हणता येतं की दिलेल्या पदांपुरता नियम चूक नाही. परीक्षेत आपल्याला तेवढं पुरतं. तिथे अलिखित करार असा असतो की सगळ्या पदांना जुळणारा सगळ्यात साधा नियम तेच उत्तर. गणिताच्या वर्गात मात्र ‘पाच पदांना जुळलं’ म्हणून सोडत नाहीत, सहावंही का जुळेल हे दाखवावं लागतं.

कागदावर कसं करायचं?

नुसत्या नजरेने ‘जुळतंय वाटतं’ म्हणू नका. दोन पदांच्या मधे वर छोटी कमान काढा, तिथे नियमातून आलेली क्रिया लिहा, उत्तर करा आणि छापलेल्या पदाशी ताडून मगच पुढच्या कमानीवर जा. पहिल्या न जुळणाऱ्या कमानीला अंदाज खोडा. पुढच्या कमानी करत बसू नका, अपवाद फक्त चुकीचं पद शोधायचा. पाच-सहा पदांच्या मालिकेला यात काही सेकंद जातात. तीन अंदाज खोडले गेले तर प्रश्न सोडून पुढे चला. बँकेच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापला जातो, सोडलेल्या प्रश्नाला काहीच नाही.

आता ही एक तुमच्यासाठी.

१, २, ६, १५, ३१, ?

पहिल्या तीन पदांना ‘गुणिले २, गुणिले ३’ असं म्हणावंसं वाटेल. म्हणा. मग १५ ला विचारा.